दीक्षाभूमीची बातमी लिहिताना: नव्या बातमीदारांसाठी

नागपुरातल्या एखाद्या वृत्तपत्रात किंवा पोर्टलवर नव्याने रुजू झालात, तर पहिल्याच दसऱ्याला तुमची ड्यूटी दीक्षाभूमीवर लागणार हे धरून चाला. त्या दिवशी शहरात एकाच वेळी चार मोठ्या बातम्या असतात, माणसं कमी पडतात, आणि ‘गर्दीची बातमी आहे, कोणीही करेल’ असं म्हणून नव्याला तिकडे पाठवलं जातं. खरं तर डेस्कवर सर्वाधिक दुरुस्त्या याच कॉपीत होतात. धर्माची बातमी कशी लिहावी याचे सर्वसाधारण नियम पाठ करण्यापेक्षा ही एक कॉपी नीट लिहायला शिका. ताजबागच्या उर्साला किंवा रामनवमीच्या शोभायात्रेला तेच हात उपयोगी पडतात.

आदल्या दिवशी: टिपण तयार करा

निघण्याआधी वहीच्या एका पानावर पार्श्वभूमी लिहून घ्या. ऐन वेळी मोबाइलवर शोधाल तर जुन्या बातम्यांतल्या चुका तशाच तुमच्या कॉपीत उतरतील.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जागा होती व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान, म्हणजे आजची दीक्षाभूमी. त्या वर्षी विजयादशमी त्याच तारखेला होती. पुढे तिथी आणि तारीख अर्थातच वेगळ्या पडत गेल्या. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुख्य सोहळा दसऱ्याला होतो, तर १४ ऑक्टोबरलाही लोक अभिवादनाला येतात. त्यामुळे ‘आजच्याच दिवशी १९५६ साली’ असं लिहिण्याआधी कॅलेंडर पाहा. दसऱ्याच्या कॉपीत हे वाक्य बहुतेक वर्षी चुकीचं असतं. कितवा धम्मचक्र प्रवर्तन दिन हे काढायला चालू सालातून १९५६ वजा करा. २००६ साली पन्नासावा होता, २०२५ साली एकोणसत्तरावा.

दीक्षेचा क्रमही नीट लक्षात ठेवा, कारण नवे बातमीदार इथे हटकून अडखळतात. बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतलं. त्यानंतर समोरच्या जनसमुदायाला दीक्षा दिली ती खुद्द बाबासाहेबांनी, आणि बावीस प्रतिज्ञाही त्यांनीच दिल्या. ‘चंद्रमणींनी लाखोंना दीक्षा दिली’ हे वाक्य चूक आहे. एका धार्मिक समारंभात मोठ्या समूहाला दीक्षा देणारा नेता भिक्खू नव्हता, या गोष्टीला इतिहासात वजन आहे आणि ते त्या एका वाक्याने पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांचं सविस्तर भाषण झालं आणि १६ ला चंद्रपुरात दीक्षा समारंभ झाला. आजचा स्तूप १९५६ सालचा नाही. त्याचं लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं.

त्या १५ ऑक्टोबरच्या भाषणातली एक गोष्ट प्रत्येक नागपूरकर पत्रकाराला माहीत हवी. दसऱ्याला रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव आणि इकडे दीक्षाभूमी, अशी जोडी लावून ‘एकीकडे भगवे, दुसरीकडे निळे’ हा मथळा दरवर्षी कुणाला ना कुणाला सुचतोच. नागपूर निवडलं ते संघ इथे आहे म्हणून, असा तर्क १९५६ सालीही चालला होता. बाबासाहेबांनी त्या भाषणात तो स्पष्ट शब्दांत खोडून काढला आणि नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला म्हणून नागपूर, असं कारण दिलं. तेव्हा दोन्ही कार्यक्रमांच्या बातम्या जरूर द्या, शेजारी शेजारी द्या, पण एकीला दुसरीचं उत्तर बनवू नका. एखाद्या वक्त्याने व्यासपीठावरून तशी टीका केली तर ती त्याच्या नावावर जाईल.

एक कॉपी, जशी आली तशी

हा नमुना मी रचलेला आहे, पण यातला प्रत्येक शब्दप्रयोग डेस्कवर कधी ना कधी येऊन गेलेला आहे:

‘नागपूर : उपराजधानीत गुरुवारी निळे वादळ धडकले. दलितांचे श्रद्धास्थान असलेल्या दीक्षाभूमीवर दहा लाख दलित भाविकांनी देवदर्शन घेतले. १९५६ साली बाबासाहेबांनी याच ठिकाणी पाच लाख दलितांचे धर्मांतर केले होते. पहाटे पुजाऱ्यांनी मंत्रोच्चारात आरती केली. ठिकठिकाणी महाप्रसादाचे वाटप झाले. एवढी प्रचंड गर्दी असूनही भाविकांनी कमालीची शिस्त पाळली.’

सहा वाक्यं आहेत आणि एकही जसंच्या तसं छापता येत नाही. आता एकेक शब्द हातात घेऊ.

‘दलित’पासून सुरुवात करू. हा शब्द धर्म सांगत नाही. तो सामाजिक-राजकीय शब्द आहे, त्याला स्वाभिमानाचा इतिहास आहे आणि अनेक कार्यकर्ते, लेखक तो आजही स्वतःसाठी वापरतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्देशानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली होती, हेही ठाऊक असू द्या. पण आपला मुद्दा कायद्याच्या अलीकडचा आहे. दीक्षाभूमीवर आलेला माणूस तिथे बौद्ध म्हणून किंवा बाबासाहेबांचा अनुयायी म्हणून आलेला असतो. त्याला तुम्ही जातीच्या खात्यात टाकलंत, तर ज्या खात्यातून बाहेर पडायला त्याच्या आजोबांनी १९५६ साली इथे पाऊल ठेवलं, त्यातच परत नेऊन बसवलंत. म्हणून धार्मिक प्रसंगाच्या बातमीत ‘बौद्ध’, ‘उपासक-उपासिका’ किंवा ‘अनुयायी’. अत्याचाराची, आरक्षणाची, शिष्यवृत्तीची बातमी असेल तर ‘अनुसूचित जाती’. बोलणाऱ्याने स्वतःला ‘दलित’ म्हटलं तर त्याच्या अवतरणात ‘दलित’च राहील, डेस्कने ते बदलायचं नाही.

‘नवबौद्ध’चंही तसंच. सरकारी योजनांच्या नावांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असं असतं, तिथे ते जसंच्या तसं ठेवा. इतरत्र नुसतं ‘बौद्ध’. तिसरी-चौथी पिढी झाली, आता किती दिवस ‘नव’ म्हणणार? ‘पूर्वाश्रमीचे अमुक जातीचे’ हा प्रयोग तर पूर्णच टाळा. सगळे बौद्ध एकाच जातीतून आले हे गृहीतक त्यात दडलेलं असतं. प्रत्यक्षात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी बौद्धांची वसाहत आहे, आणि तिचा या इतिहासाशी संबंध नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. बहुसंख्य बौद्ध आंबेडकरी परंपरेतले आहेत हे खरं, पण ‘बहुसंख्य’ आणि ‘सगळे’ यांत बातमीदाराने फरक करायचा असतो.

‘धर्मांतर’ हा शब्द बाद करा असं मी म्हणणार नाही. खुद्द बाबासाहेबांनी तो वापरला आहे. अडचण अशी, की क्राइमच्या पानावर हा शब्द आता बहुतेक वेळा आमिष, दबाव, गुन्हा यांच्या सोबतीने येतो आणि वाचक तो वास घेऊनच पुढे वाचतो. १९५६ च्या प्रसंगासाठी ‘धम्मदीक्षा’ लिहा. तो प्रसंगाचा अचूक शब्दही आहे. आणि ‘लाखोंचे धर्मांतर केले’ ही वाक्यरचना तर टाकूनच द्या, कारण त्यात लोकांनी काहीच केलं नाही, त्यांच्यावर काहीतरी केलं गेलं, असं होतं. ‘लाखो अनुयायांनी धम्मदीक्षा घेतली’ असं लिहिलं की क्रियापद ज्यांचं होतं त्यांच्याकडे जातं.

आता ‘भाविक’, ‘देवदर्शन’, ‘पुजारी’, ‘आरती’, ‘महाप्रसाद’. ही सगळी शब्दसंपदा कुठल्याशा यात्रेच्या बातमीतून उचललेली आहे. इथे भिक्खू किंवा भंते असतात, बुद्धवंदना होते, त्रिशरण-पंचशील ग्रहण केलं जातं, अन्नवाटपाला लोक ‘भोजनदान’ म्हणतात, आणि स्तूपातल्या बाबासाहेबांच्या अस्थिकलशाला अभिवादन करतात. प्रार्थनास्थळाला ‘विहार’ म्हणतात. बावीस प्रतिज्ञा एकदा मुळातून वाचा म्हणजे ‘देवदर्शन’ हा शब्द इथे का खटकतो ते कळेल. पहिल्या काही प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यासह हिंदू देवतांना देव न मानण्याच्या आहेत, आणि पाचवी म्हणते की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. ‘विष्णूचा नववा अवतार मानल्या जाणाऱ्या बुद्धाच्या…’ अशी पार्श्वभूमीची ओळ एकदा जरी गेली तरी दुसऱ्या दिवशी कार्यालयातला फोन दुपारपर्यंत थांबत नाही, आणि फोन करणाऱ्यांचं चुकतही नाही.

पण इथे अतिउत्साहही नको. यवतमाळकडून आलेली एखादी आजी तुम्हाला सरळ म्हणेल, ‘बाबासाहेबाचं दर्शन घेतलं बाप्पा, आता डोळे मिटले तरी चालते.’ तिचं ‘दर्शन’ आणि तिचं ‘बाप्पा’ तसंच ठेवा. तिचं बोलणं तुमच्या नियमात बसवणं हीही एक खोटी बातमीच. नियम आहे तो तुमच्या निवेदनासाठी.

शेवटचं वाक्य वरवर कौतुकाचं आहे म्हणून सुटतं. ‘गर्दी असूनही शिस्त.’ हे ओळखायची एक सोपी युक्ती म्हणजे वाक्य फिरवून वाचणं. पोद्दारेश्वर राममंदिराच्या शोभायात्रेबद्दल, ताजबागच्या उर्साबद्दल, एखाद्या चर्चच्या नाताळबद्दल हेच वाक्य तुम्ही लिहिलं असतं का? ‘असूनही’ कशाला आला, तुम्ही काय अपेक्षा धरून गेला होता? शिस्त हीच बातमी असेल तर ती दाखवा: समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांग कशी लावत होते, कोणत्या दारातून आत आणि कोणत्या दारातून बाहेर सोडत होते, हरवलेल्या मुलांसाठी काय व्यवस्था होती. तसंच दुसऱ्या दिवशीच्या कचऱ्याच्या बातमीचं. कचरा असेल तर लिहा, महापालिकेने किती गाड्या लावल्या तेही विचारा. पण इतर सणांनंतर शहरात पडणाऱ्या कचऱ्याची बातमी तुमच्याकडे होत नसेल आणि ही मात्र न चुकता होत असेल, तर मग ती कचऱ्याची बातमी राहत नाही.

‘निळे वादळ’, ‘भीमसागर उसळला’ यांबद्दल मतभेद आहेत. आंबेडकरी पत्रकंही हे शब्द वापरतात. माझं मत विचाराल तर ‘वादळ’ नको, कारण वादळ नुकसान करतं. आणि निळ्याबद्दल एक खुलासा: निळा झेंडा चळवळीचा, तर निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी अशा पट्ट्यांचा पंचशील ध्वज धम्माचा. त्या दिवशी आवारात दोन्ही दिसतात, आणि अंगावर मात्र पांढरे कपडे जास्त. मथळ्यात निळा रंग भरून टाकण्याआधी समोर बघा.

आकडा कसा लिहायचा

सर्वात मोठी चूक आकड्यात होते आणि तिला भावना चिकटलेल्या असतात. कमी लिहिला तर अवमान, जास्त लिहिला तर हसं.

आधी १९५६ चा आकडा. वेगवेगळ्या ठिकाणी तो साडेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत सापडतो. काही जण फक्त १४ तारखेचा धरतात, काही पुढच्या दिवसांचाही मिळवतात. तेव्हा ‘लाखो अनुयायांसह’ लिहा, किंवा आकडा हवाच असेल तर तो कुठल्या आधाराने घेतला ते त्याच वाक्यात सांगा.

आता यंदाचा. आयोजक एक सांगतील, पोलीस दुसरा. दोन्ही नावानिशी द्या आणि शक्य असेल तर स्वतःचा अंदाज घ्या. पद्धत जुनी आहे. बर्कलीचे पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात ती रूढ केली. जागेचं क्षेत्रफळ काढायचं आणि दाटीने गुणायचं. हातभर अंतर ठेवून माणसं उभी असतील तर एका चौरस मीटरला एक, खेटून उभी असतील तर दोन-अडीच, आणि हलायलाही जागा नसेल तर चारच्या आसपास. समजा रहाटे कॉलनी चौकाकडून येणारा रस्ता तुम्ही पाहताय. गर्दी २० मीटर रुंद आणि ३०० मीटर लांब पट्ट्यात खेटून भरलीय. म्हणजे ६,००० चौरस मीटर, गुणिले अडीच, १५,००० माणसं. डोळ्यांना हीच गर्दी लाखाची वाटते.

मात्र हा एका क्षणाचा आकडा झाला. दीक्षाभूमीवर लोक येतात आणि जातात, काही आदल्या दिवसापासून मुक्कामी असतात. म्हणून प्रवेशद्वाराशी उभं राहून पाच मिनिटांत किती जण आत गेले ते मोजा, दिवसातून तीन-चार वेळा मोजा. मिनिटाला १२० जण आत जात असतील तर तासाला ७,२००, दहा तासांत ७२,०००, एका दारातून. दारं किती, तास किती, यावरून आयोजकांचा आकडा शक्यतेच्या जवळ आहे की नाही एवढं कळतं. नेमका आकडा या मार्गाने कुणालाच सापडत नाही, आणि तुमचा अंदाज छापायचाच असं नाही. ‘आयोजकांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द कुठे लावायचे, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. आणखी एक: ‘दिवसभरात आले’ आणि ‘एका वेळी उपस्थित होते’ या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळू नका.

‘अमुक हजार जणांनी दीक्षा घेतली’ असं पत्रक हातात पडलं तर नोंदणी कोणी केली, ते विचारा. आधीच बौद्ध असलेले अनेक जण त्या दिवशी त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञा पुन्हा म्हणतात, त्यांना नव्याने दीक्षा घेतलेल्यांत मोजता येत नाही. दीक्षेबरोबर आरक्षण जातं, ही ऐकीव ओळही त्या बातमीत घुसते. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा ती ओळ काढून टाका.

कोणाशी बोलायचं

मंचावरच्या भाषणांची कॉपी एजन्सीकडूनही येते. तुम्ही पुस्तकांच्या स्टॉलकडे जा. दीक्षाभूमीचा खरा बाजार तिथे असतो. भरल्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय आहे ते विचारा: प्रकाशकाचं नाव, किंमत, कोणासाठी घेतलं. मुलीच्या स्पर्धा परीक्षेसाठी संविधानाची प्रत आणि वडिलांसाठी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, असं एकाच पिशवीत निघालं तर तुमचा इंट्रो तयार झाला, विशेषणं लागणारच नाहीत.

उलट, दरवर्षीचं ठरलेलं चित्र म्हणजे फाटक्या चपलांची, सुरकुतलेली वृद्धा, शंभर कोस चालत आलेली. ती असते, तिचं मोल आहेच. पण तिच्याच शेजारी रांगेत अभियंता, परिचारिका, बँक अधिकारी, पुण्याहून गाडी करून आलेलं कुटुंब असतं, आणि तुमच्या कॅमेऱ्याला ते दिसत नाही. पाच जणांशी बोललात तर त्यांचं वय, गाव, व्यवसाय वहीत लिहा आणि कॉपी टाकण्याआधी ती यादी बघा. पाचही जण एकाच साच्यातले निघाले तर परत जाऊन आणखी दोघांशी बोला. कोणाची जात विचारू नका. बातमीला तिची गरज नाही आणि रांगेत उभ्या माणसाला तो प्रश्न काय वाटेल, ते सांगायला नको.

श्रद्धेच्या विधानांना सगळीकडे एकच माप लावा. अशोकाने याच दिवशी धम्म स्वीकारला, म्हणून अशोक विजयादशमी, हे लिहिताना ‘बौद्ध परंपरेनुसार’ जोडा. मात्र त्याच पानावर दसऱ्याच्या बातमीत रामाने रावणाचा वध याच दिवशी केला हे ‘मान्यतेनुसार’शिवाय जात असेल तर एकाला पुरावा मागितला आणि दुसऱ्याला सूट दिली, असं होईल.

वाद झाला तर

जुलै २०२४ मध्ये दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरोधात आंदोलन झालं, तोडफोड झाली आणि सरकारने काम थांबवलं. अशा बातमीत ‘बौद्ध समाज आक्रमक’ लिहिणं सर्वात सोपं. पण आंदोलक कोण, कोणत्या संघटनेचे, त्यांचा आक्षेप नेमका काय, स्मारक समितीची भूमिका काय, आराखडा कोणाचा, या प्रत्येकाचं नाव वेगळं आहे. समाजाच्या नावाने क्रियापद चालवलंत की समाजाच्या आतला मतभेद गायब होतो, आणि अशा वेळी खरी बातमी बहुधा त्या मतभेदातच असते. ‘विशिष्ट समाजाचे’ हा दुसऱ्या टोकाचा पळपुटा प्रयोग. वाचक लगेच ओळखतो, आणि न ओळखणारा वाट्टेल तो अर्थ लावतो. धर्माचा घटनेशी संबंध असेल तर सरळ नाव लिहा, नसेल तर काहीच लिहू नका.

कॉपी सोडण्याआधी

वर दिलेली कॉपी आता अशी होईल:

‘नागपूर : ६९व्या धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त गुरुवारी दीक्षाभूमीवर देशभरातून आलेल्या अनुयायांनी अस्थिकलशाला अभिवादन केले. पहाटे भिक्खूसंघाच्या उपस्थितीत बुद्धवंदना झाली. दिवसभरात दहा लाख लोक आल्याचे आयोजकांनी सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अनुयायांसह येथे धम्मदीक्षा घेतली होती. परिसरातील रस्त्यांवर विविध संस्थांनी भोजनदानाची व्यवस्था केली होती.’

पहिल्यापेक्षा एक वाक्य कमी झालं, त्याच्या जागी पुस्तकाच्या पिशवीवाला माणूस बसतो.

मग फोटो. संग्रहातून ‘बुद्ध’ शोधून पहिलाच फोटो उचलू नका. ढेरपोट्या हसरा ‘लाफिंग बुद्धा’ म्हणजे चिनी परंपरेतला बुदाई, सिद्धार्थ गौतम नव्हे. मरून चीवरातल्या तिबेटी लामांचा फोटोही इथल्या सोहळ्याचा म्हणून लावू नका. जुन्या वर्षीच्या गर्दीचा फोटो असेल तर तारीख घाला. फोटोओळीतल्या आडनावाचं शुद्धलेखन त्या माणसाकडूनच लिहून घ्या, कारण मेश्राम, रामटेके, गजभिये यांच्या कॉपीत झालेल्या वाटोळ्याच्या तक्रारी आकड्यांच्या तक्रारींहून कमी नसतात.

तरीही चूक गेलीच, तर पोर्टलवरची ओळ गुपचूप बदलू नका. स्क्रीनशॉट तोवर फिरलेला असतो. बातमीखाली काय चुकलं होतं आणि बरोबर काय ते एका वाक्यात लिहा, छापील अंकात दुसऱ्या दिवशी त्याच पानावर द्या, आणि ज्याने फोन करून चूक दाखवली त्याचा नंबर वहीत ठेवा. पुढच्या दसऱ्याला पार्श्वभूमी तपासायला तो उपयोगी पडतो.